नवी मुंबई विमानतळासाठी गाडी सांगताना पत्ता असा द्या

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुटू लागली. गाडी बुक करताना बहुतेक जण नुसतं ‘नवी मुंबई एअरपोर्ट’ सांगतात, आणि घोटाळा होतो तो तिथेच.

नवी मुंबई महानगरपालिका ठाणे जिल्ह्यात येते. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हा तिचा भाग. विमानतळ मात्र त्या हद्दीबाहेर, उलव्याजवळ, रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात आहे. तरीही नाव चुकीचं नाही. सिडकोने वसवलेली नवी मुंबई पालिकेपेक्षा मोठी आहे. ती ठाणे, पनवेल आणि उरण अशा तीन तालुक्यांत पसरली आहे, आणि विमानतळाचं नाव त्या मोठ्या नवी मुंबईवरून आलं आहे.

म्हणून आमच्याकडे पत्ता असा लिहून द्या:

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ (NMI), उलवे, ता. पनवेल, जि. रायगड

यातलं सर्वांत महत्त्वाचं अक्षर म्हणजे कोड. मुंबईचा जुना विमानतळ BOM, हा NMI. काही संकेतस्थळांवर ‘मुंबई’ शोधलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात, आणि तिकिटावर घाईत फक्त वेळ पाहिली जाते. समजा, दादरहून सकाळी सातच्या विमानासाठी गाडी हवी आहे. BOM असेल तर गाडी उत्तरेला अंधेरीकडे निघेल. NMI असेल तर शिवडीला येऊन अटल सेतूवरून पलीकडे जाईल. चूक सेतूवर लक्षात आली तर मध्येच वळता येत नाही, सेतू संपेपर्यंत जावंच लागतं. त्यामुळे तिकिटावरचा कोड पाहून तोच आम्हाला कळवा, शक्यतो तिकिटाचा फोटोच पाठवा.

नकाशावरचं लोकेशन पाठवताना खूण टर्मिनलच्या इमारतीवर आहे ना, हे नकाशा मोठा करून बघा. आवार सुमारे ११६० हेक्टरचं आहे. नुसत्या नावाने शोधलं आणि खूण आवाराच्या मध्यावर पडली, तर चालक कुंपणाच्या भलत्याच बाजूला पोचू शकतो.

पत्त्यात ‘पनवेल शहर’ लिहू नका. पनवेल तालुका वेगळा, पनवेल शहर वेगळं. शहर विमानतळाच्या पूर्वेला आहे आणि उलव्याकडून तिथे जायचं तर मोठा वळसा पडतो.

एक गोष्ट मात्र जिल्ह्याच्या हिशेबाने चालत नाही. विमानतळ परिसर रायगड जिल्ह्यात असला तरी पोलिसांच्या बाबतीत तो नवी मुंबई आयुक्तालयाकडे येतो. सामान हरवल्याची किंवा चोरीची तक्रार तिकडेच द्या, त्यासाठी अलिबागला जायची गरज नाही.

शिर्डीच्या भाड्यालाही हीच काळजी घ्या: शिर्डी राहाता तालुक्यात, विमानतळ (SAG) कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावी. हॉटेल आणि विमानतळ, दोन्ही पत्ते वेगवेगळे द्या.