मांजराच्या लसीनंतरची गाठ: ‘तीन-दोन-एक’चा नियम कुठून आला

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात किंवा घराजवळच्या दवाखान्यात मांजराला रेबीजची लस टोचली की डॉक्टर सांगतात, ‘गाठ आली तर लक्ष ठेवा.’ बहुतेकांना हे सवयीनं सांगितलेलं वाटतं, पण या सूचनेमागे चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे.

पूर्वी मांजरांना रेबीजची जिवंत, पण दुबळी केलेली लस दिली जाई. क्वचित एखाद्या मांजराला त्या लसीतल्या विषाणूमुळेच रेबीज झाल्याची नोंद होऊ लागली, म्हणून पशुवैद्यक मारलेल्या विषाणूच्या लसीकडे वळले. अशा लसीनं रेबीज होऊच शकत नाही. मात्र मेलेल्या विषाणूकडे शरीराचं पुरेसं लक्ष जात नाही, म्हणून अनेक लसींत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार मिसळावा लागला. तो टोचलेल्या जागी रेंगाळतो, तिथे सूज धरून ठेवतो आणि त्यामुळे प्रतिकारशक्ती जागी होते. अमेरिकेत 1985च्या सुमारास अशा लसी मांजरांसाठी आल्या. पेनसिल्व्हेनियात 1987 मध्ये मांजरांना रेबीजची लस सक्तीची झाली.

मग तिथल्याच विद्यापीठातल्या पशुरोगतज्ज्ञांकडे तपासणीला येणाऱ्या गाठींत एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. मांजरांच्या खांद्यांमध्ये, नेमक्या लस टोचण्याच्या जागी, सार्कोमा जातीचे कर्करोग वाढत होते. आजूबाजूच्या सूज आलेल्या पेशींत करडा-निळसर पदार्थ होता आणि तपासणीत त्यात अ‍ॅल्युमिनियम सापडलं. हेंड्रिक आणि गोल्डश्मिट यांनी 1991 मध्ये हे प्रथम मांडलं. पुढे 1996 मध्ये अमेरिकेत यासाठी खास कृतिगट नेमला गेला. आज समजतं ते असं, की काही मांजरांत सूज दीर्घकाळ राहते आणि त्या जागच्या पेशी बिघडतात. अ‍ॅल्युमिनियम हे एकटंच कारण नाही. इतर इंजेक्शनांनंतरही अशा गाठी झाल्या आहेत. साधारण दहा हजार मांजरांत एखाद्यालाच हे होतं. रेबीज झालेलं मांजर मात्र वाचत नाही, म्हणून या भीतीनं लस टाळणं मला साफ चुकीचं वाटतं.

कृतिगटाच्या कामातून दोन व्यवहार्य गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे जागा: रेबीजची लस खांद्यांमध्ये न देता उजव्या मागच्या पायात, शक्य तितकी खाली द्यायची. खांद्यांमधला सार्कोमा पूर्ण काढणं जवळपास अशक्य, पण पायातला असेल तर पाय काढून जीव वाचू शकतो. ऐकायला क्रूर आहे, तरी तीन पायांवर मांजरं छान जगतात. कोणती लस कुठल्या बाजूला दिली हे डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘तीन-दोन-एक’. गाठ तीन महिन्यांनंतरही टिकली, किंवा दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी झाली, किंवा एक महिन्यानंतरही वाढतच राहिली, तर तुकडा काढून तपासायचा. तिन्हींपैकी एक गोष्ट पुरेशी आहे.

समजा, 10 जूनला लस टोचली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मांजर झोपाळलं, कमी जेवलं, अंग थोडं गरम लागलं, पाय दुखरा झाला. हे सौम्य आहे आणि एक-दोन दिवसांत ओसरतं. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही आणि एक गोळीही जीव घेऊ शकते. तिसऱ्या दिवशीही ते जेवलं नाही तर मात्र डॉक्टरांकडे न्या. आठवड्याभरात त्वचेखाली एक सेंटीमीटरची टणक गाठ लागली, तर मोजपट्टीनं मोजून तारखेसह लिहून ठेवा. 10 जुलैला ती लहान झाली असेल तर नुसतं मोजत राहा. मोठी होत असेल, तर 10 सप्टेंबरची वाट न पाहता जा. लहान झालेली गाठही 10 सप्टेंबरला हाताला लागलीच, तरी जा.

तिथे ‘छोटीशी आहे, पटकन काढून टाकू’ असं कुणी म्हणालं तर आधी बायॉप्सीचा आग्रह धरा. या कर्करोगाची मुळं दिसणाऱ्या गाठीच्या बरीच पलीकडे गेलेली असतात आणि अपुऱ्या शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा उगवतो. पहिलीच शस्त्रक्रिया रुंद, सगळीकडून काही सेंटीमीटर निरोगी भाग घेऊन व्हावी लागते. सुईनं घेतलेल्या नमुन्यात तो कधीकधी निसटतो.

घाईचं कारण वेगळंच असतं. लसीनंतर काही मिनिटांत ते काही तासांत वारंवार उलट्या, जुलाब, तोंडावर सूज, तोंड उघडून धापा टाकणं किंवा कोसळणं दिसलं, तर ती तीव्र अ‍ॅलर्जी आहे. मांजरांत तिचा फटका फुप्फुसांना आणि आतड्यांना बसतो. वाट पाहू नका, लगेच परत जा. अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन तेव्हाच लागतं. म्हणूनच लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबावं. आणि असं एकदा झालं असेल, तर पुढच्या लसीआधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं.