दार केवढं आणि रेटा किती: इको रिपोर्टमधल्या दोन आकड्यांची पार्श्वभूमी

इको करून उठलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने रिपोर्टवरच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. झडपेचं क्षेत्रफळ १.१ चौरस सेंटिमीटर, आणि मीन ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला सरासरी फरक, ८ मिलिमीटर पारा. "सर, गेल्या महिन्यात ताप होता तेव्हा हाच आकडा १६ होता. म्हणजे मी बरी होतेय ना?"

नाही. झडप तेवढीच होती. पण प्रश्न चोख होता, आणि त्याचं उत्तर हे दोन आकडे आले कुठून यातच आहे.

लहानपणी तिचा घसा दुखायचा, नंतर सांधे सुजले होते. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूवर चाल करून गेलेली शरीराची फौज हृदयाच्या झडपेवरही उलटते, तो संधिवाताचा ताप. ताप जातो. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेच्या दोन पाकळ्या मात्र कडांना हळूहळू चिकटत जातात आणि ४ ते ६ चौरस सेंटिमीटरचं दार वर्षानुवर्षं आक्रसत राहतं.

१९४८ साली अमेरिकेत चार्ल्स बेली आणि ड्वाइट हार्कन यांनी चिकटलेल्या पाकळ्या शस्त्रक्रियेने मोकळ्या करायला सुरुवात केली आणि सर्जनांपुढे अडचण उभी राहिली: छाती उघडण्याआधी दार किती अरुंद आहे हे कळायचं कसं? १९५१ मध्ये रिचर्ड गॉर्लिन या डॉक्टरने इंजिनिअर वडिलांच्या मदतीने सूत्र मांडलं. पाणी अरुंद तोंडातून जातं तेव्हा प्रवाह आणि दाबातला फरक मोजून तोंडाचं माप काढता येतं, तोच हिशेब रक्ताला लावला. त्यासाठी हृदयात नळी घालावी लागायची.

नळी टाळण्याची वाट स्वीडनमध्ये सापडली. लुंडच्या रुग्णालयात मायट्रलचे रुग्ण शस्त्रक्रियेआधी तपासणं हे इंगे एड्लर यांचं काम. १९५३ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांच्यासोबत माल्मोच्या जहाज कारखान्यातलं यंत्र उसनं आणलं. धातूतल्या भेगा ध्वनिलहरींनी शोधणारं ते यंत्र छातीवर टेकवलं, आणि हलणारा प्रतिध्वनी दिसला. एड्लरना आधी तो हृदयाच्या वरच्या कप्प्याची भिंत वाटला. पुढे कळलं, ती मायट्रलचीच पुढची पाकळी होती. म्हणजे इकोचा जन्मच या आजारापायी झाला, असं म्हटलं तरी चालेल.

तरी दाब मोजणं राहिलंच होतं. ते सत्तरच्या दशकात नॉर्वेत जमलं. ओस्लोत यार्ले होलेन आणि ट्रॉन्डहाइममध्ये लिव हाटले यांनी डॉप्लरने, म्हणजे वाहत्या रक्तावरून परतलेल्या ध्वनिलहरींच्या बदललेल्या वारंवारतेवरून, रक्ताचा वेग मोजून दाबातला फरक काढला. सूत्र छोटंसं: 4V², V म्हणजे तो वेग. या मुलीच्या झडपेतून रक्त सेकंदाला जास्तीत जास्त १.८ मीटर वेगाने जात होतं, म्हणजे त्या क्षणी फरक सुमारे १३ मिलिमीटर पारा. दार उघडं असतानाच्या पूर्ण वेळेची सरासरी काढली की ८.

हाटले यांनीच दुसरी युक्ती दिली. दाबातला फरक निम्मा व्हायला किती मिलिसेकंद लागतात ते पाहायचं आणि २२० ला त्याने भागायचं. इथे २०० लागले, म्हणून १.१. पडद्यावर झडपेच्या तोंडाची कड आखून मोजलं तेव्हाही १.१ च आलं. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की माझा जीव भांड्यात पडतो. कारण आखताना काप पाकळ्यांच्या टोकाऐवजी जरा वर गेला, तर दार आहे त्याहून मोठं दिसतं.

मग तापात १६ का? मी तिला लोकलचं उदाहरण दिलं. डब्याचं दार तेवढंच, फलाटावरची गर्दीही तेवढीच, पण गाडी निम्माच वेळ थांबली तर रेटा वाढणारच. मिनिटाला ७२ ठोके असताना ही झडप साधारण अर्धा सेकंद उघडी असते. १२० झाले की जेमतेम पाव सेकंद. तेवढंच रक्त निम्म्या वेळात ढकलायचं तर रेटा दुपटीवर थांबत नाही, चौपटीकडे जातो. तिच्या बाबतीत तो १६ वरच राहिला, कारण तापातही तिचे ठोके १०० च्या आतबाहेर होते. हा रेटा मागे फुप्फुसात साचतो, म्हणून जिना चढताना धाप लागते. ग्रेडियंट वाचताना शेजारी ठोके किती लिहिलेत ते आधी पाहायचं. लिहिलेच नसतील तर तो आकडा अर्धवट.

"म्हणजे १.१ खरं, ८ खोटं?"

दोन्ही खरे. १.१ दाराचं माप, ८ त्या वेळचा रेटा. आज दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी दार गंभीर धरतात. तिला धाप लागते, पाकळ्या अजून लवचिक आहेत, वरच्या कप्प्यात गुठळी नाही, झडप फारशी गळतही नाही. अशा झडपेसाठी कांजी इनोउए यांनी १९८२ साली जपानमध्ये वापरलेला फुगा अजून कामी येतो: मांडीतल्या शिरेतून नेऊन चिकटलेल्या कडा फाकवायच्या. घसा पुन्हा बिघडून झडप आणखी चिकटू नये म्हणून दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन मात्र फुग्यानंतरही चालूच.

फुग्यानंतर पहिले दोन-तीन दिवस २२० चा भागाकार फसवतो, कारण वरचा कप्पा आणि खालचा कप्पा नव्या दाबाला सरावलेले नसतात. तेव्हा तिचं माप आम्ही कड आखूनच घेणार आहोत.