मळभावर चढवलेली संध्याकाळ

फोटोतलं पांढरंफटक आभाळ काढून तिथे मावळतीचं आभाळ बसवायचं, हा खेळ फोटोशॉपने सुरू केला असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात तो १८५० च्या दशकातला आहे आणि तेव्हा तो हौसेपेक्षा नाइलाजाने सुरू झाला. त्या काळी काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन निगेटिव्ह बनवत. हा थर फक्त निळा आणि अतिनील प्रकाश ओळखायचा, हिरवा आणि तांबडा त्याला जवळजवळ दिसायचाच नाही. त्यामुळे झाडं, माती, दगड नीट उमटेपर्यंत वाट पाहावी, तर तोवर आभाळ जळून जायचं. निगेटिव्हवर तो भाग काळाठिक्कर आणि छापल्यावर कागदासारखा कोरा. ढग असोत वा नसोत, निकाल तोच. उलट अर्धवट, डागाळ आभाळ दिसण्यापेक्षा निगेटिव्हवरचा तो भाग काळ्या शाईने रंगवून पुरता कोरा केलेला बरा, असं पुष्कळ जण करत.

आभाळाची निगेटिव्ह वेगळी घ्यावी ही सूचना फ्रान्समध्ये इपोलित बायारने १८५२ मध्ये मांडली. पण ती लोकांच्या डोळ्यांत भरली ती ग्युस्ताव्ह ल ग्रे या छायाचित्रकाराच्या समुद्रचित्रांमुळे, १८५६-५७ च्या सुमारास. सेत गावच्या किनाऱ्यावरचं त्याचं लाटेचं चित्र १८५७ चं. त्यात समुद्र एका काचेवरचा आणि ढग दुसऱ्या काचेवरचे. क्षितिजाशी नीट पाहिलं तर ढग जिथे पाण्याला टेकतात तिथे ते कापल्यासारखे संपतात, तोच सांधा. त्याच्या काही चित्रांत तर हुबेहूब तेच ढग दोन वेगवेगळ्या समुद्रांवर दिसतात. आजचे 'स्काय पॅक' विकणारे आपल्याला नवे वाटतात एवढंच.

हे छापायचे कसे, ते सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमिन कागद निगेटिव्हखाली चौकटीत दाबून उन्हात ठेवायचा. डेव्हलपर वगैरे नाही, चित्र उन्हातच हळूहळू गडद होत जाई. चौकटीची मागची फळी अर्धी उघडून किती उमटलं ते बघता येई. आधी जमिनीची किंवा समुद्राची काच छापायची. तिच्यावर आभाळ काळं असल्यामुळे कागदाचा तेवढा भाग पांढराच राही. मग ती काच काढून ढगांची काच लावायची, छापून झालेल्या भागावर काळा कागद झाकायचा आणि पुन्हा उन्हात. सांधा करवतीसारखा दिसू नये म्हणून तो काळा कागद छपाई चालू असताना थोडा थोडा हलवत राहायचं. आज आपण मास्कची कड 'फेदर' करतो ती हीच.

म्हणजे कोऱ्या कागदावर दुसऱ्यांदा काळोख चढवायचा. पहिल्या छपाईत जे गडद झालं ते गडदच राहतं, जिथे कोरं होतं तिथेच नवं उमटतं. फोटोशॉपमध्ये लेयरला Multiply हा मोड दिला की गणिताने नेमकं हेच होतं. पांढऱ्याला कशानेही गुणलं तर ते 'काहीही' तसंच मिळतं, काळ्याला कशानेही गुणा, काळंच राहतं. म्हणून मळभाच्या फोटोवर हे इतकं सोपं जातं. पावसाळी आभाळ हा आपोआप मिळालेला कोरा कागद आहे. निळ्या आभाळावर हीच युक्ती चालवायला गेलात तर निळ्यात नारिंगी मिसळून मातकट तपकिरी हाती येतं.

मग ल ग्रेची चित्रं पटली कशी? माझ्या मते त्याने विषयच असा निवडला की अडचणीच येऊ नयेत. क्षितिज सरळ रेषेत, त्यामुळे सांधा एका पट्टीने झाकता येतो. जमीन नाही, म्हणून सावल्या नाहीत. आणि पाणी कुठल्याही आभाळाचा रंग निमूट घेतं. समुद्र सोडून झाडं, घरं, माणसं आली की फजिती व्हायची. ढगांवर ऊन डावीकडून आणि घराच्या भिंतीवर उजवीकडून, अशा चित्रांवर तेव्हाही टीका होत असे. आभाळ बदललं, पण त्या आभाळाचा उजेड खाली पोचलाच नाही, ही तक्रार तेव्हापासून आजपर्यंत एकच आहे.

रसायनाचा नाइलाज पुढे सरला. हेरमान फोगेल या रसायनतज्ज्ञाने १८७३ मध्ये बर्लिनमध्ये दाखवून दिलं की थरात योग्य रंग मिसळला तर त्याला हिरवंही दिसू लागतं. १९०६ मध्ये लंडनच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने तांबड्यापर्यंत सगळे रंग पकडणाऱ्या काचा बाजारात आणल्या. पिवळा फिल्टर लावला की ढग मूळ निगेटिव्हवरच येऊ लागले. तरी आभाळ बदलणं थांबलं नाही, कारण जे आभाळात नव्हतंच ते कुठली काच देणार? पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचा छायाचित्रकार फ्रँक हर्ली याने १९१७ च्या बेल्जियममधल्या पाशेंडेलच्या लढाईनंतरच्या एका दृश्यावर ढगांतून फुटणारे किरण चढवले. युद्धाचा इतिहास लिहिणारे चार्ल्स बीन अशा जोडकामाच्या साफ विरोधात होते, आणि हर्लीने त्यावरून राजीनाम्याची भाषा केली. शेवटी प्रदर्शनापुरती मोजकी जोडचित्रं त्याला करू दिली. वाद आभाळाचा नव्हता, ते पुरावा म्हणून दाखवायचं की चित्र म्हणून, याचा होता.

संगणकाने सांधा सोपा केला. फोटोशॉप १९९० चं, पण त्यात लेयर आले ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. ऑक्टोबर २०२० मध्ये Edit > Sky Replacement आलं आणि पानापानांतून आभाळ कापायचं काम एका क्लिकवर आलं. खालच्या उजेडाचं कोडं मात्र वेगळं होतं. त्यावर २००१ मध्ये एरिक राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी एक साधा उपाय मांडला. दोन्ही चित्रं प्रकाश आणि रंगाच्या तीन वेगळ्या वाहिन्यांत फोडायची, प्रत्येकीची सरासरी आणि पसारा मोजायचा आणि एकाचे आकडे दुसऱ्याला लावायचे. दुपारचा फोटो खरोखर संध्याकाळचा वाटू लागतो. मर्यादा एवढीच की हे गणित सगळ्या चित्राला एकच माप लावतं. आपल्याकडे पाठ केलेला दगड आणि आभाळ झेलणारं पाणी यांतला फरक त्याला कळत नाही.

आणि तिथेच बहुतेकांचं चुकतं. दापोलीकडच्या एका छोट्या बंदरातला माझा एक फोटो सांगतो. जुलैचा मध्य, सगळीकडे मळभ, पन्नास मिमीची लेन्स, समोर सरळ पश्चिमेला समुद्रात गेलेला दगडी धक्का, जवळ ओल्या पायऱ्या आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या दोन होड्या. वर बसवायला मी फेब्रुवारीतलं आभाळ घेतलं, तेही पन्नासनेच काढलेलं. लेन्सची जोड मुद्दाम जुळवली. सूर्याची तबकडी आकाशात जेमतेम अर्धा अंश असते, पन्नास मिमीवर सहा हजार पिक्सेल रुंद फोटोत ती पाऊणशे पिक्सेलची येते. टेलिलेन्सचं आभाळ रुंद फोटोवर ताणलं की परातीएवढा सूर्य दिसतो आणि फसवणूक तिथेच उघडी पडते. मी तर सूर्य असलेलं आभाळ घेतलंच नाही, मावळून चार-पाच मिनिटं झालेलं घेतलं. सूर्य पाच अंशावर असेल तर दोन मीटरच्या खांबाची सावली तेवीस मीटर पडते. मळभात काढलेल्या फोटोत एकही सावली नसते, ती रंगवत बसायचं कुणी? मावळल्यावर सावल्याच नसतात.

आधी मूळ आभाळ लेव्हल्समध्ये पुरतं पांढरं होईपर्यंत ओढलं आणि नवं आभाळ Multiply वर टाकलं. दोर, डोलकाठ्या, झावळ्या यांच्या कडा आपसूक शाबूत राहिल्या, पांढरी झालर कुठेच नाही. क्षितिजाखाली मास्क लावून ते झाकलं.

मग खालचा भाग. पहिल्या फेरीत मीही सगळ्यांसारखा सगळा धक्का नारिंगी करून टाकला आणि तो हळद फासल्यासारखा दिसला. उजेड धक्क्याच्या मागून येतोय, म्हणजे आपल्याकडची बाजू नारिंगी नसते, तिच्यावर पडतो तो डोक्यावरच्या आणि पाठीमागच्या पूर्वेच्या निळसर आभाळाचा उजेड. म्हणून दगडाची आणि होड्यांची समोरची अंगं सव्वा स्टॉपने खाली आणून किंचित निळ्याकडे झुकवली. नारिंगी दिला फक्त तिथे, जिथून आभाळ दिसतं: धक्क्याची वरची कड, होडीच्या काठाची रेघ, पाणी आणि ओल्या पायऱ्या. पायऱ्यांवर आभाळाची उलटी प्रत टाकली, भरपूर धूसर करून, वीस टक्क्यांवर. ओला दगड हा आरसा असतो, तो जुलैचं पांढरं आभाळ दाखवत राहिला तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. दूरच्या टोकाला काळा थोडा उचलून क्षितिजाचा रंग मिसळला. सगळ्यात शेवटी आभाळावर बारीक दाणा टाकला, कारण ते १०० आयएसओचं होतं आणि धक्का ८०० चा.

रंग झाकून, काळा-पांढरा करून पाहिला. आभाळापेक्षा उजळ असं खाली काहीच उरलं नव्हतं. आता खोड निघणार नाही असं वाटलं.

पुढच्या खेपेला तो प्रिंट घेऊन बंदरात गेलो आणि तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला दाखवला. त्याने हात लांब करून पाहिला.

"भाऊ, होड्या शाकारलेल्या हायत, म्हंजे पावसाळा. आन दिवस धक्क्याच्या डाव्या अंगाला बुडालाय. पावसात तो तिकडं कुठनं बुडंल?"

त्याचं बरोबर होतं. या अक्षांशावर मावळतीची जागा वर्षभरात पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना पंचवीसेक अंश सरकते. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ती डावीकडे असते, जुलैच्या मध्यात उजवीकडे बावीस-तेवीस अंशांवर. पन्नास मिमीच्या फ्रेममध्ये मध्यापासून कडेपर्यंत वीसच अंश मावतात. जुलैतला खरा सूर्य माझ्या फोटोत आलाच नसता. मी आभाळ आडवं पलटवलं, उजेड उजव्या कडेला नेऊन थोडा बाहेर ढकलला आणि कडांवरच्या सगळ्या नारिंगी रेघा पुन्हा दुसऱ्या बाजूने काढत बसलो.