मावशीला नुसतं ‘नाही’ म्हटलं आणि

मागच्या महिन्यात मावशीचा मेसेज आला, ‘रविवारी जेवायला येतोयस ना?’ मी बसमध्ये उभा होतो, एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हाताने टाइप केलं ‘नाही.’ आणि फोन खिशात टाकला. अर्ध्या तासात आईचा फोन, तू मावशीवर चिडलायस का म्हणून. आता मी कुठे चिडलो होतो, मला फक्त रविवारी काम होतं!

मग जरा शोधाशोध केली तेव्हा कळलं की या भानगडीचा भाषाशास्त्रात बराच अभ्यास झालाय. आमंत्रणाला ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन उत्तरं सारखी नसतातच. ‘हो’ लगेच येतं, सरळ येतं. ‘नाही’ म्हणताना मात्र माणूस आधी थोडा थांबतो, ‘अगं काय झालं’ वगैरे करतो, कारण सांगतो आणि नकार वाक्यात जमेल तितका मागे ढकलतो. अनिता पोमरांट्झ यांनी १९८४ मध्ये लोकांची खरीखुरी बोलणी तपासून अशी बिनपसंतीची उत्तरं कशी येतात ते दाखवलं होतं. पुढे २००९ मध्ये दहा भाषांमधली संभाषणं मोजली गेली, त्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यातली फट सरासरी साधारण पाव सेकंदाच्या आसपासच निघाली, म्हणजे समोरचा जरासा जरी रेंगाळला तरी ते आपल्याला जाणवतं आणि बहुतेकदा नकार येतोय हे आपण आधीच ओळखतो.

मेसेजमध्ये हे रेंगाळणं दिसतच नाही. मी दहा मिनिटं विचार करून लिहिलं की पटकन, मावशीला कसं कळणार? तिला दिसलं ते एवढंच, की ज्या नकाराभोवती एरवी एवढं गुंडाळलेलं असतं तो उघडा येऊन पडलाय. म्हणजे छोटं उत्तर हाच मुळात प्रॉब्लेम नाही, मी नुसतं ‘हो’ लिहिलं असतं तर काही झालं नसतं.

त्यात माझा पूर्णविराम. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन युनिव्हर्सिटीत सीलिया क्लिन आणि सहकाऱ्यांनी १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले, कोणीतरी बोलावतंय आणि उत्तर एका शब्दाचं, होकाराचंच. मेसेज म्हणून दाखवल्यावर पूर्णविराम असलेलं उत्तर कमी मनापासूनचं वाटलं, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र असा फरक पडला नाही. चॅटमध्ये मेसेज पाठवला की वाक्य संपलंच ना, मग वरून टिंब कशाला, असं वाचणाऱ्याला वाटत असणार. प्रयोग इंग्रजीतला आहे, पण मराठीत टाइप करतानाही आपण बहुतेक जण शेवटी काहीच देत नाही, त्यामुळे दिलं की डोळ्यात भरतं.

आता मावशीचा प्रश्न पुन्हा बघा. ‘येतोयस का’ नाही, ‘येतोयस ना’. ‘का’ला दोन्ही उत्तरं चालतात, ‘ना’ने ती ‘हो’ गृहीत धरून बसली होती. त्यावर माझं ‘नाही’ दुप्पट जोरात आपटलं.

मी लिहायला हवं होतं ते असं: ‘अगं मावशी, या रविवारी नाही गं जमणार, ऑफिसचं काम आलंय, पुढच्या रविवारी येऊ का?’ यातलं ‘अगं मावशी’ म्हणजे बोलतानाचं ते थांबणं. ‘गं’मुळे माणूस तोंडासमोर आहे असं होतं. पण खरी कमाल ‘जमणार’ची. ‘मी येणार नाही’ यात मी कर्ता, निर्णय माझा. ‘मला जमणार नाही’ यात जमणं हीच गोष्ट बिनसलीय, मी बिचारा बाजूला! मराठीत ही सोय भरपूर आहे, ‘तू फाइल पाठवली नाहीस’ ऐवजी ‘फाइल राहिली वाटतं’ म्हटलं की आरोप गायब, फाइलची आठवण तेवढी उरते. आणि शेवटी ‘येऊ का’ विचारल्यामुळे चेंडू तिच्याकडे.

हे शब्द सगळीकडे सारखे चालत नाहीत हं. ‘ये ना’ लाडीक आहे, तोच ‘ना’ ‘सांगितलं ना’ मध्ये चक्क खेकसतो. ‘जरा बघतोस का’ गोड, ‘जरा बघत जा’ टोमणा. शिवाय माणूस एरवी कसा लिहितो त्यावरही असतं. माझी बहीण कायम ‘हो’ एवढंच लिहिते, कोणाला काही वाटत नाही, पण एरवी ‘हो गं बाई होओओ’ लिहिणारी मैत्रीण एक दिवस ‘हो’ म्हणाली तर फोन करून विचारावं.

आणि मऊपणा जास्त झाला तर मुद्दाच वाहून जातो. ऑफिसात एका ज्युनिअरला मी लिहिलं, ‘जमलं तर आज रिपोर्ट पाठवशील का’. त्याने ‘जमलं तर’ अगदी शब्दशः घेतलं, सोमवारी पाठवला. आता मी ‘आज सहापर्यंत रिपोर्ट लागेल रे, अडलं तर सांग’ असं लिहितो. वेळ कडक, बाकी सगळं मऊ.

मावशीकडे पुढच्या रविवारी गेलो. दार उघडून म्हणाली, ‘आलास.’


पूर्णविराम मला स्पष्ट ऐकू आला.