परिचय करून देताना माईकचा वापर

सभा, व्याख्यान किंवा सत्कारात पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्याने माईकपासून ठेवायचे अंतर, आवाजाची पातळी आणि सदोष ध्वनियंत्रणेतून काढायची वाट यांचा विचार या नोंदीत केला आहे. उदाहरणे सोलापुरातील सभांची आहेत.

माईकच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. एमिल बर्लिनर आणि टॉमस एडिसन या दोघांचेही दावे १८७७ च्या सुमाराचे असून त्यांवरून अमेरिकेत दीर्घकाळ खटले चालले. आवाजाने सैल विद्युतस्पर्श हलून वीजप्रवाह बदलतो, याचे प्रयोग डेव्हिड ह्यूज यांनी १८७८ मध्ये लंडनमध्ये दाखवले. पेटंटाचा वाद बाजूला ठेवल्यास या तत्त्वाची स्पष्ट मांडणी ह्यूज यांच्याकडे अधिक दिसते. मंडपवाल्याकडून आज हाती येतो तो माईक मात्र बहुधा ‘डायनॅमिक’ जातीचा असतो. त्यात पातळ पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलते. असे बहुतेक माईक समोरचा आवाज पूर्ण घेतात, बाजूचा कमी आणि मागचा अगदी थोडा. परिचयकर्त्याच्या बहुतेक अडचणी या गुणधर्माकडे दुर्लक्ष झाल्याने उद्भवतात.

तोंड आणि माईक यांतील अंतर दुप्पट झाले की माईकला मिळणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. समजा, मंगल कार्यालयात परिचयकर्त्याने माईक ५ सेंमी.वर धरून सुरुवात केली. पुढे कागद वाचण्याच्या नादात हात खाली आला आणि अंतर २० सेंमी. झाले. अंतर दोनदा दुप्पट झाल्याने आवाज १२ डेसिबलने घटतो. मागच्या रांगेतून ‘ऐकू येत नाही’ अशी ओरड होते आणि मिक्सरवर बसलेला माणूस आवाज तेवढाच चढवतो. आता परिचयकर्त्याचा आवाज पूर्ववत ऐकू येतो, पण स्पीकरमधून माईककडे परतणारा आवाजही १२ डेसिबलने वाढलेला असतो. फरशी, उघड्या भिंती आणि पत्र्याचे छत यांमुळे तो आणखी फिरत राहतो. परतलेला आवाज प्रत्येक फेरीला मोठा होऊ लागला की शिट्टी वाजते. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून तिला लार्सन परिणाम म्हणतात.

शिट्टीच्या आधी शब्दांच्या शेपटाला धातूसारखी झणझण येते. ती ऐकताच माईक तोंडाजवळ घ्यावा आणि मिक्सरवाल्याला आवाज उतरवण्याची खूण करावी. अनेकजण याउलट दचकून मागे सरतात किंवा माईकची जाळी मुठीत धरतात. जाळीमागील छिद्रे झाकली गेली की माईकची दिशा निवडण्याची क्षमता जाते आणि शिट्टी वाढते. स्पीकरपुढे उभे राहूनही हेच घडते. बोलणारा नेहमी स्पीकरच्या मागच्या बाजूला हवा.

योग्य अंतराबाबत एकमत नाही. हातातल्या माईकसाठी ५ ते १० सेंमी. हे माप व्यवहारात टिकते. त्याहून जवळ गेल्यास आवाज जाडसर होतो आणि प, फ, भ यांचे फटके बसतात. माईक हनुवटीच्या पातळीला किंचित तिरपा धरल्यास ते टळतात. व्यासपीठावरील वाकणाऱ्या दांडीचा माईक बहुधा कंडेन्सर जातीचा व अधिक संवेदनशील असल्याने त्याला वीतभर अंतर पुरते.

परिचयातच हमखास घडणारी चूक म्हणजे ‘आपल्यामध्ये उपस्थित असलेले’ म्हणत पाहुण्यांकडे वळणे. मान वळते, माईक जागेवर राहतो आणि नेमके नाव हरवते. हातातला माईक मानेबरोबर फिरवावा. दांडीचा असल्यास आधी पाहुण्यांकडे पाहावे, मग समोर तोंड करून नाव घ्यावे. मराठी, कन्नड, तेलुगू अशी मिश्र आडनावे असलेल्या सोलापुरात हे विशेष जाणवते. ‘गुर्रम’, ‘बोल्ली’ यांतील जोडाक्षर घुमणाऱ्या सभागृहात पुसले जाते. अशा वेळी आवाज चढवून उपयोग नसतो, कारण घुमारही तितकाच चढतो. नावाआधी क्षणभर थांबावे, म्हणजे मागच्या वाक्याचा घुमार विरतो.

मैदानात घुमार नसला तरी प्रतिध्वनी असतो. उन्हाळ्यातील ४० अंश तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५५ मीटर असतो. मंचापासून ३५ मीटरवर इमारतीची भिंत असेल, तर स्पीकरचा आवाज जाऊन-येऊन ७० मीटर कापत साधारण ०.२ सेकंदाने परत कानी येतो. स्वतःचा आवाज एवढ्या उशिरा ऐकू आल्यास बोलणे अडखळते, याकडे संशोधक बर्नार्ड ली यांनी १९५० मध्ये लक्ष वेधले. आयोजकांना हा परिचयकर्त्याचा घाबरटपणा वाटतो. कागदावर नजर ठेवून, कानावर न विसंबता लहान वाक्ये वाचणे हा त्यावरचा चालणारा उपाय आहे. स्पीकर भिंतीकडून थोडे वळवून श्रोत्यांकडे खाली झुकवता आले, तर प्रतिध्वनी मुळातच कमी होतो.