शाब्दिक विनोदाचे भाषांतर

ज्या चुटक्याची, कोड्याची किंवा उखाण्याची गंमत शब्दाच्या दोन अर्थांवर, यमकावर अथवा उच्चारातील साम्यावर उभी असते, त्याला शाब्दिक विनोद म्हणतात. असा विनोद दुसऱ्या भाषेत शब्दशः न्यावा की त्याच्या जागी नवा रचावा, हा त्याच्या भाषांतरातला मुख्य प्रश्न आहे. ठाण्यात मराठी, हिंदी, गुजराती बोलणारे एकाच इमारतीत राहतात आणि एकाच लोकलने जातात, त्यामुळे तिथे हा प्रश्न गप्पांमध्येही पडतो.

कोड्यांत उत्तर लवकर सापडते. ‘दात आहेत, पण चावत नाही’ हे कंगव्याचे कोडे इंग्रजीतून मराठीत जसेच्या तसे येते, कारण दोन्ही भाषांत कंगव्याला दातच असतात. पण ‘हात आहेत, टाळी वाजवता येत नाही’ हे इंग्रजी कोडे आणले, तर मराठी मूल घड्याळापर्यंत पोचत नाही. आपल्या घड्याळाला काटे असतात. म्हणून उत्तर तेच ठेवून वाट बदलावी: ‘काटे आहेत, टोचत नाहीत, चालतं, पण पाय नाहीत.’ इथे ‘चालणे’ या क्रियापदाचा दुसरा अर्थ मराठीने आपणहून दिला आणि कोडे मुळाहून सरस झाले.

यमकाचे कोडे या दोहोंच्या मध्ये येते. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ (दात आणि जीभ) हिंदीत ‘बत्तीस पत्थर, उनमें नागिन घूमती है’ असे नेले, तर अर्थ पोचतो पण कोडे पाठ होत नाही. चित्र राखून यमक नवे बांधले, की ते पुन्हा तोंडात बसते: ‘बत्तीस ईंटों का घेरा, बीच में नागिन का डेरा.’ चिऱ्याची वीट झाली, याने काही बिघडत नाही. बत्तीसचा आकडा आणि नागीण मात्र सोडता येत नाहीत, कारण उत्तर त्यांच्यातच दडलेले आहे. नाव घेण्याच्या उखाण्यात उलटे असते. तिथे पहिली ओळ बहुधा यमकापुरती असते, ती खुशाल बदलावी. नाव तेवढे कायम राहते.

खरी कसोटी श्लेषाची. मध्य रेल्वेवर ठाण्यानंतर कळवा, मुंब्रा, दिवा ही स्थानके येतात, आणि त्यांवरचे विनोद तिथे सहज सुचतात. उदाहरणार्थ:

‘काका, ठाण्याला पोचलात की कळवा.’
‘अरे, कळवा ठाण्याच्या पुढे आहे!’

हे हिंदीत शब्दशः नेले, तर पहिल्या वाक्यात ‘बता दीजिए’ येते आणि दुसऱ्यातले कळवा निराधार होते. कंसात ‘कळवा म्हणजे बताइए’ असे लिहिले की वाचकाला समजते, पण हसू येत नाही, कारण उलगडा विनोदाच्या नंतर झाला. म्हणून आधी मुळाचा सांगाडा पाहावा: निरोपाचे साधे वाक्य, ऐकणाऱ्याने त्यात ऐकलेले स्थानकाचे नाव, आणि तितकेच साधे उत्तर. हिंदीत असे दोन्हीकडे चालणारे नाव त्याच मार्गावर आहे:

‘बेटा, तेरा कल्याण हो!’
‘नहीं ताऊजी, मेरा तो डोंबिवली है.’

नाती बदलली, निरोपाच्या जागी आशीर्वाद आला. पण लोकल तीच राहिली आणि हसण्याची जागाही वाक्याच्या शेवटीच राहिली. हा बदल रास्त आहे.

कथेत पात्राला कळव्यालाच उतरायचे असेल किंवा चित्रात कळव्याची पाटी दिसत असेल, तर अशी अदलाबदल करता येत नाही. तेव्हा अर्थ आधी पेरावा लागतो. दोन-चार वाक्ये अगोदर एखादे पात्र सहज बोलून जाते, की मराठीत ‘कळवा’ म्हणजे ‘खबर करो’. मग श्लेष आला की वाचक स्वतःच तो जोडतो. पेरणी आणि विनोद यांत फार अंतर पडले, तर वाचक अर्थ विसरतो. फार जवळ आणले, तर पुढे काय येणार ते कळून जाते.

‘मुंब्रा गेलं की दिवा लागतो’ यात मात्र ‘दिवा’ आणि ‘लागतो’ हे दोन्ही शब्द दुहेरी आहेत. हिंदीत दिवा जलतो आणि स्टेशन येते, त्यामुळे दोन्ही सांधे एकदम निखळतात. असा विनोद त्या जागी सोडून द्यावा आणि त्याच परिच्छेदात जिथे भाषा साथ देईल तिथे दुसरा घालावा. अनुभवी भाषांतरकार हिशेब वाक्याचा नव्हे, पानाचा ठेवतात.

भाषांतर फसले की नाही, हे मोठ्याने वाचून कळते. मूळ माहीत नसलेल्या माणसाला ते ऐकवावे. तो ‘म्हणजे?’ असे विचारत असेल, तर शब्दशः नेणे चुकले. तो हसला, पण त्याला ठाण्याची लोकल दिसलीच नाही, तर नवा विनोद मुळापासून फार दूर गेला.