नखाच्या बुरशीची गोळी: बारा आठवडे कुठून आले आणि यकृताची भीती कुठून

ऐरोलीतल्या माझ्या दवाखान्यात पावसाळा सरता सरता पायाच्या नखांचे पेशंट वाढतात. रबाळे, महापे, तुर्भे या एमआयडीसी पट्ट्यात सेफ्टी शूज घालून दहा-बारा तास उभे राहणारे लोक. बूट सकाळी ओले होतात ते रात्रीपर्यंत तसेच. नख पिवळं पडतं, जाड होतं, खालून भुसा निघतो. बहुतेकांनी आधी मेडिकलमधून मलम आणून लावलेलं असतं. मी गोळ्या लिहून दिल्या की पहिला प्रश्न ठरलेला, ‘डॉक्टर, या गोळ्यांनी लिव्हर खराब होतं ना?’

ही भीती खोटी नाही. पण तिचा बराचसा भाग एका जुन्या औषधाचा आहे, आणि आज आपण देतो त्या टर्बिनाफिन आणि इट्राकोनॅझोल या दोन औषधांच्या अंगावर तो वारशाने आला आहे. गोळ्या बारा आठवडेच का घ्यायच्या, याचाही असाच इतिहास आहे.

सुरुवात ग्रिसिओफुल्विनपासून करावी लागते. पेनिसिलियम जातीच्या एका बुरशीतून ते 1939 साली वेगळं काढलं गेलं. ते तोंडाने दिलं तर गजकर्ण बरं होतं, हे 1958 साली ग्लासगोतल्या जेंटल्स यांनी गिनीपिगवर दाखवलं आणि लगेच ते माणसांसाठी वापरात आलं. त्वचेवर चांगलं चाललं, पायाच्या नखावर मात्र नाही. ग्रिसिओफुल्विन बुरशी मारत नाही, तिची वाढ थोपवून धरतं. म्हणून जुनं रोगट नख पूर्ण पुढे सरकून कापलं जाईपर्यंत गोळी चालू ठेवावी लागे. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण एक ते दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे वर्ष-दीड वर्ष रोज गोळी. एवढं करूनही बरेच लोक बरे होत नसत. ‘नखाच्या बुरशीला औषध नाही’ असं जुनी माणसं म्हणतात, ते त्या काळच्या अनुभवावरून.

मग कीटोकोनॅझोल आलं. अमेरिकेत 1981 साली त्याच्या गोळीला परवानगी मिळाली. पण थोड्याच काळात यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या, काही मृत्यूही झाले. नखाची बुरशी हा जिवावर बेतणारा आजार नाही, त्यासाठी महिनोन्‌महिने असं औषध द्यायचं तर दर काही आठवड्यांनी रक्त तपासणं भागच होतं. शेवटी 2013 साली अमेरिकेच्या औषध नियामकाने त्वचा आणि नखांसाठी ही गोळी वापरू नये असं सांगितलं आणि युरोपच्या नियामकाने ती थांबवण्याचीच शिफारस केली. दर महिन्याला एलएफटी, म्हणजे यकृताची रक्त तपासणी, करण्याची सवय डॉक्टरांच्या आणि पेशंटच्या मनात बसली, ती प्रामुख्याने या औषधामुळे.

टर्बिनाफिन आणि इट्राकोनॅझोल या दोघांची वाट इथून पुढे फुटते. टर्बिनाफिनचं मूळ व्हिएन्नातल्या सँडोझच्या संशोधन संस्थेत आहे. तिथे 1974 साली नॅफ्टिफिन नावाचं रसायन जवळजवळ योगायोगाने हाती लागलं. ते फक्त लावण्यापुरतं चाले. त्यात बदल करत गेल्यावर पोटात घेता येईल असं टर्बिनाफिन मिळालं. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल लागतं. ते तयार होण्याच्या साखळीतली एक सुरुवातीची पायरी हे औषध बंद पाडतं. त्यामुळे एर्गोस्टेरॉल कमी पडतंच, शिवाय स्क्वालीन नावाचा पदार्थ पेशीत साचून बुरशी मरते. इट्राकोनॅझोल हे कीटोकोनॅझोलच्याच कुळातलं, बेल्जियमच्या जान्सेन कंपनीचं. ते त्याच साखळीत आणखी पुढची पायरी अडवतं आणि गजकर्णाच्या बुरशीला मुख्यतः थोपवून धरतं. अमेरिकेत नखांसाठी इट्राकोनॅझोलला 1995 साली आणि टर्बिनाफिनला 1996 साली परवानगी मिळाली.

दोन्हींचा एक गुण ग्रिसिओफुल्विनमध्ये नव्हता. ती नखात शिरतात आणि गोळी थांबवल्यावरही काही महिने तिथेच टिकून राहतात. त्यामुळे नख पूर्ण बदलेपर्यंत गोळी घेण्याची गरज संपली. बारा आठवडे आले ते इथून. टर्बिनाफिन रोज 250 मिलिग्रॅमची एक गोळी, 84 दिवस. इट्राकोनॅझोल आठवडाभर सकाळी 200 आणि रात्री 200 मिलिग्रॅम, मग तीन आठवडे सुट्टी, असे तीन फेरे. याला आम्ही पल्स म्हणतो. शंभर मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मोजल्या तर त्याही 84 भरतात. पेशंटला सांगताना मला हा आकडा उपयोगी पडतो. दोन्हीकडे चौऱ्याऐंशीच, फक्त एकीकडे सलग आणि दुसरीकडे तुकड्यातुकड्यांत.

पल्स पद्धत ऐकायला सोयीची आहे. यकृतालाही मध्ये विश्रांती मिळते, असं वाटून नव्वदच्या दशकात ती खूप लोकप्रिय झाली. मग दोन्ही औषधं समोरासमोर उभी केली गेली. 1999 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सुमारे पाचशे पेशंटचा युरोपातला अभ्यास आला. 72 आठवड्यांनी नखातून बुरशी पूर्ण गेली का हे पाहिलं, तर बारा आठवडे टर्बिनाफिन घेतलेल्यांत 76 टक्के आणि तीन पल्स इट्राकोनॅझोल घेतलेल्यांत 38 टक्के लोक बुरशीमुक्त होते. चार पल्स दिल्या तरी आकडा 49 टक्क्यांवरच थांबला. त्यातल्याच आइसलँडमधल्या पेशंटकडे पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा दुसऱ्यांदा औषध न लागता बुरशीमुक्त राहिलेले टर्बिनाफिनकडे 46 टक्के आणि इट्राकोनॅझोलकडे 13 टक्के होते. टर्बिनाफिन पहिल्या पसंतीचं झालं ते यामुळे. आणि त्याच्याकडेही पाच वर्षांनी निम्म्याहून कमी लोक उरले, हे मी पेशंटला आधीच सांगतो.

यकृताचा प्रश्न 2001 साली पुन्हा वर आला. मे महिन्यात अमेरिकन नियामकाने दोन्ही औषधांबद्दल इशारा दिला. क्वचित का होईना, दोघांमुळे यकृत निकामी झाल्याच्या नोंदी होत्या. इट्राकोनॅझोलबद्दल आणखी एक गोष्ट होती. ते हृदयाची आकुंचन शक्ती कमी करू शकतं, म्हणून हार्ट फेल्युअर असलेल्याला नखासाठी ते देऊ नये. टर्बिनाफिनच्या माहितीपत्रकात सुरू करण्याआधी एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताची एन्झाइम रक्तात तपासा, आणि यकृताचा चालू किंवा दीर्घकाळचा आजार असेल तर देऊ नका, असं लिहिलेलं आहे. पुढच्या अनुभवातून प्रमाणही कळलं. टर्बिनाफिनमुळे यकृताला दिसून येईल अशी इजा साधारण 50 हजार ते 1 लाख 20 हजार चिठ्ठ्यांमागे एकाला होते आणि ती बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत दिसते. त्यामुळे निरोगी माणसाला दर महिन्याला एलएफटी करायला लावणं आता अनेक त्वचारोगतज्ज्ञांना अनावश्यक वाटतं. मलाही वाटतं. पण सुरुवातीची एक तपासणी मी कधीच सोडत नाही.

याचं कारण आपल्या भागात जास्त ठळक आहे. मधुमेह, फॅटी लिव्हर आणि दारू या तिन्ही गोष्टी इथे सर्रास दिसतात. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे-नवी मुंबईत कावीळ, डेंग्यू, लेप्टो सुरू असतात आणि तिन्हींत एसजीपीटी चढतं. आधीचा आकडा हातात नसेल तर नंतर चढलेलं एसजीपीटी गोळीचं की तापाचं, हे सांगता येत नाही.

गेल्या वर्षीचे एक काका सांगतो. वय 57, रबाळ्याच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर, मधुमेह, कोलेस्टेरॉलसाठी अटोर्वास्टॅटिन आणि बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू. डाव्या अंगठ्याचं नख अर्ध्याहून जास्त पिवळं. आधी कुणीतरी नुसतं पाहून इट्राकोनॅझोलची पल्स लिहिली होती. इट्राकोनॅझोल यकृतातलं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे अटोर्वास्टॅटिन रक्तात साचून स्नायू दुखावू शकतात आणि अ‍ॅम्लोडिपिनही जास्त लागून पाय सुजू शकतात. शिवाय ते शोषलं जायला पोटात आम्ल लागतं, आणि काका रोज अ‍ॅसिडिटीची गोळी घेत होते. म्हणजे औषध पुरेसं अंगी लागलंच नसतं, त्रास मात्र झाला असता.

मी आधी नखाखालचा भुसा खरवडून केओएच तपासणीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधायला, पाठवला. जाड पिवळी नखं सगळी बुरशीची नसतात, सोरायसिसने किंवा बुटाच्या सततच्या दाबानेही ती तशीच होतात. रिपोर्टमध्ये बुरशीचे धागे दिसले आणि पुढे कल्चरमध्ये ट्रायकोफायटॉन ही गजकर्णाची बुरशी वाढली. कॅन्डिडा किंवा अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी निघाली असती, तर माझा कल इट्राकोनॅझोलकडे गेला असता. एसजीपीटी 36 होतं. टर्बिनाफिन सुरू केलं आणि भूक मेली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे दिसले किंवा जिभेची चव गेली, तर गोळी थांबवून लगेच फोन करा, असं चिठ्ठीच्या मागे मराठीत लिहून दिलं. शेवटी कानशीने नखावर, रोगट भाग आणि मुळाकडचा चांगला भाग यांच्या सीमेवर, एक बारीक आडवी खूण केली.

मधुमेह आणि इतर गोळ्या असल्याने सहाव्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासलं. एसजीपीटी 61, लॅबची मर्यादा 45. काकी घाबरल्या, ‘बंद करायची का गोळी?’ म्हणाल्या. तक्रार काहीच नव्हती आणि वाढ दीडपटीच्या आतच होती. मर्यादेच्या तिपटीवर गेलं किंवा लक्षणं दिसली तर मी थांबवतो. इथे दहा दिवसांनी फक्त पुन्हा तपासलं, 52 आलं. गोळी पुढे चालू ठेवली, संपल्यावर 34.

84 गोळ्या संपल्या त्या दिवशी काका नाराज होते. ‘डॉक्टर, कोर्स झाला, नख तर तसंच आहे!’ नख खरंच तसंच दिसत होतं. पण खूण तीन-चार मिलिमीटर पुढे सरकली होती आणि तिच्या मागे आलेलं नख स्वच्छ गुलाबी होतं. पिवळेपणा खुणेच्या मागे घुसला असता, तर औषध लागू पडत नाही असं मी समजलो असतो. आपल्याकडे हा प्रश्न आता गंभीर आहे. ज्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी जातीला 2020 साली नाव मिळालं, तिच्यात टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर काम करतं त्याच्या जनुकात बदल झालेले सापडतात आणि गोळी निरुपयोगी ठरू शकते. ती मुख्यतः जांघेत आणि अंगावर पसरते. म्हणून नखाबरोबर अंगावरही वर्षानुवर्षांचं गजकर्ण असेल, तर युरोपातले ते 76 टक्के मी तसेच्या तसे धरत नाही. कल्चर करायला सांगतो, आणि अशा वेळी हृदय नि इतर गोळ्या तपासून इट्राकोनॅझोल पुन्हा विचारात घेतो.

काकांना अंगावर काही नव्हतं. मी गोळी वाढवली नाही, रक्त पुन्हा काढलं नाही. बूट दोन जोड ठेवून आलटून पालटून घालायला आणि नख दर दोन आठवड्यांनी कापायला सांगितलं. चौदाव्या महिन्यात ते आले तेव्हा खूण नखाच्या टोकाला पोचली होती. नेलकटरने तेवढा तुकडा कापला आणि खात्रीसाठी तोच केओएचला पाठवला. बुरशी मिळाली नाही.